दहा डाउनलोड आणि एक पोच

पारशिवनीकडच्या लहानू शाहिरांनी साठ वर्षं खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्यात डफ वाजवला. आता छाती साथ देईना, म्हणून प्रताप नगरच्या हर्षानं दोन वर्षं त्यांच्यामागे फिरून फिल्म केली. नागपुरातल्या एका संस्थेनं लोककलेवरच्या फिल्मा मागवल्या होत्या. निवड झाली तर शाहिरांचा मंचावर सत्कार होणार होता. म्हाताऱ्यानं फेटा आधीच धुऊन ठेवला होता.

फिल्म सात जीबीची. मोठ्या फाईली पाठवायच्या फुकटच्या सेवेत एका वेळी तीनच जीबी जात आणि लिंक सात दिवसच चाले. हर्षानं फिल्म दाबून पावणेतीन जीबीत बसवली, पाठवली. आठव्या दिवशी संस्थेच्या गणपतरावांचा फोन आला, लिंक उघडत नाही म्हणून. उघडेल कशी? त्यांनी ईमेलची प्रिंट काढली, आवक क्रमांक टाकला आणि कागद सहीसाठी वर पाठवला. आठवडाभर तो कागद तिथं सुखानं नांदत होता.

मग तिनं सगळ्यात स्वस्त, पैसे भरायचा प्लॅन घेतला. पूर्ण सात जीबी, महिनाभराची मुदत, डाउनलोड मात्र दहाच. परीक्षक तिघं, म्हणजे दहा पुष्कळ झाले. दोन दिवसांत डाउनलोड झाल्याचे दहा मेल आले आणि प्रत्येक मेलला ती हरखली. परीक्षक पुन्हा पुन्हा पाहताहेत, असं त्या भोळीला वाटलं.

शेवटच्या तारखेला दुपारी साडेतीनला गणपतराव फोनवर म्हणाले, डाउनलोडची मर्यादा संपली, पाचपर्यंत फिल्म आली नाही तर अर्ज बाद. नवी लिंक करायची तर सात जीबी चढायलाच चार तास. हर्षा पेनड्राइव्ह घेऊन संस्थेत धावली.

गणपतरावांनी पेनड्राइव्हला हातही लावला नाही. नियमात फक्त लिंक होती. आणि दहा डाउनलोड? ते त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. प्रत्येक टेबलानं फाईल उतरवून खात्री केली, कागदावर शेरा मारला आणि जागा अडते म्हणून पुसली. परीक्षकांचा नंबर शेवटचा होता.

हर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दहा जणांनी उतरवली. शाहिराचा आवाज एकानं तरी ऐकला का?"

ती गणपतरावांच्या टेबलाकडे वळली.

"दहावं डाउनलोड कोणाचं?"

ते गणपतरावांचंच निघालं, कालचं. हर्षानं न विचारता त्यांचा माउस ओढला आणि रिसायकल बिन उघडली. सात जीबीची फिल्म कचऱ्यात पडली होती. तिनं ती बाहेर काढली.

"लिंकवरूनच उतरली, मुदतीतच उतरली. आता परीक्षकांच्या कॉम्प्युटरवर टाका अन् मले पोच द्या. तोवर मी इथून हलत नाही."

पाचला पाच कमी असताना पोचेवर शिक्का बसला. ती जिन्यात आली तोच शाहिरांचा फोन आला.

"पोचला का वं पोरी, आपला पिक्चर?"

"पोचला, बाबा," हर्षा म्हणाली. "दहा जणांच्या हातून गेला. पाहिला एकानंही नाही."