नाव पडेपर्यंत

हिरडीटोल्याच्या तलावाचं भांडण योगेश्वरीनं मिटवलं, तेव्हा साहेबांनी भर बैठकीत तिची पाठ थोपटली होती. दवनीवाड्याची पोवारांची पोर, आपत्ती कक्षात कंत्राटावर लागलेली, रोज कुडव्याहून स्कूटीवर येणारी. तिच्या म्हणण्याला कोण विचारतं? पण पिढ्यान् पिढ्यांचं भांडण तिनं एका दुपारी संपवलं, आणि तेही एका अशा गोष्टीच्या जोरावर, जी गोंदिया जिल्ह्यात कोणाच्याच बापाच्या हातात नव्हती.

भांडण साधं होतं. तलाव कोहळ्यांच्या पूर्वजांनी बांधलेला, त्यातले मासे ढिवरांच्या सोसायटीचे. तलाव भरला की जास्तीचं पाणी सलंगेवरून, म्हणजे सांडव्यावरून, बाहेर पडतं, आणि पाण्याबरोबर मासेही पळतात. म्हणून ढिवर सलंगेवर बांबू रोवून जाळी लावायचे. मोठा पाऊस आला की तलावातला बेशरमचा पाला, फांद्या, सगळा कचरा त्या जाळीवर येऊन बसायचा. पाणी तुंबायचं आणि पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, जोर यायचा. पाळीखाली केशोराव कापगत्यांचं आणि भाऊबंदांचं धान. केशोराव म्हणायचे, जाळी काढा. सोसायटीचा अध्यक्ष परसराम म्हणायचा, मंग आमी वर्षभर का खावाचं?

"पाऊस तं रोजच येते, मॅडम," तो त्या दिवशी योगेश्वरीला म्हणाला होता. "तुमचा तो लाल इशारा बी दर आठवड्याले येते. येते अन् कोरडाच जाते. दर खेपी जाळी काढली तं तलावात बेडकं राह्यतीन."

"आणि पाळ फुटली तं?" केशोराव उसळले.

"तुमी तहसीलात बसून इशारे काढवता, मालूम आहे आमाले."

इथंच योगेश्वरीला सुचलं. तिनं विचारलं, समुद्रात वादळ झालं की त्याला नाव पडतं, ते माहीत आहे ना? टीव्हीवर सांगतात. ते नाव कोण ठेवतं? केशोराव नाही, तहसीलदार नाही, मीपण नाही. या समुद्राभोवतीच्या तेरा देशांनी आधीच नावं देऊन ठेवलीत, एकेकानं तेरा-तेरा. वादळ उठलं की ओळीतलं पुढचं नाव दिल्लीहून जाहीर होतं. कोणाला ते मागे घेता येत नाही, पुढे ढकलता येत नाही, आणि एकदा वापरलेलं इथं पुन्हा येत नाही. बंगालच्या उपसागरात नावाचं वादळ आलं की जाळी काढायची. नाव नाही, तर जाळी राहील.

परसरामनं बोटांवर हिशेब केला. नावाची वादळं वर्षाला दोन-तीन, त्यातलं आपल्याकडे वळणारं एखादं. सौदा परवडणारा होता. केशोरावांनाही पटलं, कारण टीव्हीवर ज्याचं नाव येतं ते वादळ खरं, असं त्यांनाही वाटायचं. दोघांनी तलावाच्या पाण्यात हात बुडवून शब्द दिला. परसरामच्या बायकोनं, गीताबाईनं, सगळ्यांना चहा पाजला आणि योगेश्वरीच्या हातात मोठ्या रोहूची पिशवी कोंबली. शाकाहारी पोरगी ती, पण नाही म्हणवलं नाही तिला. कक्षातल्या शिपायाला देऊन टाकली.

त्यानंतर दसऱ्याच्या आधी उपसागरात काहीतरी शिजू लागलं.

योगेश्वरी नकाशे बघत होती. कमी दाबाचा पट्टा, मग डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन. तोंड ओडिशाकडे, आणि तिथून छत्तीसगड ओलांडून थेट आपल्या अंगणात. भाद्रपदभर बरसून तलाव काठोकाठ भरलेले, धान लोंबीवर आलेलं. आता फक्त नाव पडायला हवं होतं. ओळीत पुढचं नाव होतं शक्ती, श्रीलंकेनं दिलेलं. तिला ती ओळ तोंडपाठ होती. लोकांना पाढे येतात तशी.

दसऱ्याच्या दुपारी तिनं नागपूरला हिमांशुला फोन लावला. हिमांशु हवामान खात्यात होता, तिच्या ओळखीचा.

"नाव कधी पडतंय रे?"

"नाही पडणार, मॅडम."

"म्हणजे?"

"वारा तीस नॉटच्या आसपास आहे. नावाला चौतीस लागतात. आणि आज रात्री ते जमिनीवर चढेल, म्हणजे वारा आणखी पडेल. नाव मिळायच्या आधीच मरेल ते."

"आणि पाऊस?"

"पाऊस येईल ना. भरपूर येईल. ढग घेऊन तुमच्याकडेच निघालंय."

"मग एवढ्या पावसाला नाव का नाही?"

हिमांशु हसला नाही. चांगला मुलगा होता. "नाव वाऱ्याला असतं, मॅडम. पावसाला कोणी नाव ठेवत नाही."

योगेश्वरीनं फोन ठेवला. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. प्रशिक्षणात ऐकलेलं, परीक्षेत लिहिलेलं. पण हिरडीटोल्यात तलावाकाठी बसून सौदा करताना ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तलाव वाऱ्यानं फुटत नाही, पाण्यानं फुटतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि तिनं, शिकल्यासवरलेल्या बाईनं, पाण्याचा सौदा वाऱ्यावर केला होता. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिनं साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "लाल इशारा सगळ्यांच्या मोबाइलवर गेला ना? झालं तर मग. सणाच्या दिवशी किती ताण घ्यायचा?"

तिनं परसरामला फोन केला.

"परसरामभाऊ, उद्या फार मोठा पाऊस आहे. जाळी काढा."

"नाव पडलं का?"

"नाव नाही, पण..."

"मंग कायले काढू? तुमीच तं सांगितलं होतं. नाव पडलं तं काढाची, नाई तं नाई. शब्द म्हंजे शब्द."

मागून गीताबाईचा आवाज आला, "काढून टाका ना जी, मॅडम म्हणून राहिल्या तं."

"तू चूप राह्य. नाव पडू दे."

त्या क्षणी योगेश्वरीनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सरकारी टेबलावर बसून, सरकारी फोनवरून, ती खोटं बोलली.

"पडलं नाव," ती म्हणाली. "आत्ताच पडलं. शक्ती."

पलीकडे परसरामनं ते नाव घरात मोठ्यानं सांगितलं. मग परसरामचा पुतण्या विक्की कुठूनतरी म्हणाला, "काका, मी मोबाइलवर पाहून राहिलो. कोठीच नाई शक्ती-बिक्ती. नाव नाई पडलं म्हणते."

परसराम परत फोनवर आला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तेच वाईट होतं.

"मॅडम, तुमी बी केशोरावच्याच निंगाल्या."

फोन बंद झाला. पुढचे सगळे फोन नुसते वाजत राहिले. तिनं केशोरावांना सांगितलं, निदान पाळीखाली कोणाला जाऊ देऊ नका. ते म्हणाले, "मी जाळीले हात लावला तं डोकी फुटतीन, पोरी. आपली माणसं खाली उतरू देत नाई, तेवढा माझा शब्द." आणि त्यांनी तो पाळला, हे खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी असा पाऊस आला की कक्षासमोरची पोलिसांची गाडी दिसेना. रस्ते बंद, नाले फुगलेले. दुपार व्हायच्या आत केशोरावांचा फोन आला. "फुटली," एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, "परसरामची बायको होती तेथी."

योगेश्वरी बचाव पथकाच्या गाडीतून पोचली तेव्हा पाऊस ओसरला होता. पाळ सलंगेच्या बगलेतूनच खचली होती आणि तलाव जवळजवळ रिकामा झाला होता. खाली धानाच्या जागी चिखल, आणि चिखलात मासे तडफडत होते. सोसायटीचे सगळे मासे, ज्यांच्यासाठी हे सगळं झालं ते, आता केशोरावांच्या शेतात होते. कोणी ते उचलत नव्हतं.

सकाळी जाळीवर बेशरमचा ढीग बसला आणि पाणी चढू लागलं, तेव्हा परसराम सोसायटीच्या माणसांना बोलवायला टोल्यात गेला होता. जाळी काढायची की नाही, हेच ठरवायचं होतं त्यांना. गीताबाई थांबली नाही. काढायची नाही म्हणालेत ना, मग निदान कचरा तरी ओढते, म्हणून ती एकटी सलंगेलगतच्या पाळीवरून हातानं बेशरम ओढत बसली. ती गेली ती पाळीच्या मातीबरोबरच. केशोरावांच्याच माणसांनी तिला शोधलं, त्यांच्याच खाटेवर आणून ठेवलं, आणि केशोरावांनी स्वतःचा शेला तिच्यावर पांघरला. एवढा शहाणपणा एक दिवस आधी कोणी दाखवला असता तर! पण आपल्याकडे शहाणपण मयतीच्याच वाटेनं येतं.

परसराम खाटेजवळ उकिडवा बसला होता. योगेश्वरी त्याच्या शेजारी बसली.

तेवढ्यात विक्कीचा मोबाइल वाजला. त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"काका," तो म्हणाला, "नाव पडलं. शक्ती."

योगेश्वरीच्या खिशातल्या फोनवरही तोच संदेश आला होता. अरबी समुद्रात, गुजरातच्या पलीकडे, भलतंच एक वादळ उठलं होतं. वारा चौतीस नॉटच्या वर गेला, आणि दोन्ही समुद्रांना नावांची ओळ एकच असल्यानं पुढचं नाव त्याला मिळालं. ते पश्चिमेकडे निघालं होतं. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी म्हणतात, तसला हा प्रकार.

परसरामनं मान वर केली. "तुमी काल हेच नाव सांगितलं होतं."

"परसरामभाऊ..."

"तुमी खरं सांगून राहिल्या होत्या. मीच नाई मानलो. गीता बी म्हणत होती, काढून टाका. मीच नाई मानलो."

तो उठला. कोणी अडवायच्या आत उरलेल्या पाळीवरून सलंगेकडे गेला. सलंग तेवढी शाबूत होती, कोरडी पडलेली, आणि तिच्यावर ती जाळी, बेशरमनं लडबडलेली, तशीच उभी. परसराम एकेक बांबू उपटून बाजूला टाकू लागला. शब्द दिला होता ना त्यानं.

योगेश्वरी त्याच्या मागे धावली. गप्प बसली असती तर तिची अब्रू राहिली असती. कालचं खोटं जन्मभर खरं म्हणून खपलं असतं. पण मग हा माणूस जन्मभर स्वतःलाच बायकोचा मारेकरी समजत राहिला असता, आणि ते तिला बघवेना. तिनं त्याचा चिखलानं भरलेला हात धरला.

"ते वादळ हे नाही, भाऊ. ते दुसऱ्या समुद्रातलं आहे, इकडं येणार पण नाही. मी काल खोटंच बोलले. आपल्याकडे आलं त्याला नाव पडलं नव्हतं, पडणारही नव्हतं. चूक माझी आहे. तुम्ही दिलेला शब्द पाळलात, मी सौदाच चुकीचा केला."

ती बोलत राहिली, वारा आणि पाऊस, नॉट आणि देश. परसरामनं सगळं ऐकून घेतलं. रागावला असता, ढकलून दिलं असतं, तरी तिला चाललं असतं. तो हातातल्या बांबूकडे बघत होता.

"मंग माझ्या गीताले नेलं, त्याचं नाव का?"

"नाव नाही त्याला, भाऊ."

"बिननावाचंच?"

"हो."

त्यानं मान हलवली, आणि खाली वाकून पुढचा बांबू उपटायला घेतला.