पाण्याचा घोट

बाबा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी सेलूच्या मैदानावर गेले. तिथं ते पोरांना पळायला शिकवायचे. त्यांची शिट्टी आणि वेळ मोजायचं घड्याळ परत घ्यायला गेले होते, पण घड्याळ तेव्हाही चालू होतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी सहाला जमली होती आणि दुर्गेश, त्यांच्यातला सगळ्यात जुना, त्याच घड्याळावर वेळ मोजत होता.

वर्षाली धावत होती. आठशे मीटर, म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. तिचे गाल फुगलेले होते. बाबांचा नियमच होता तो: तोंडात पाण्याचा घोट घेऊन धावायचं, श्वास फक्त नाकानं घ्यायचा आणि शेवटी ते पाणी त्यांच्यासमोर थुंकून दाखवायचं. ज्याचं पाणी सांडलं, त्याचा दम संपला.

दुसऱ्या फेरीत, वळणावर, वर्षालीचं पाणी सांडलं. तिथून पुढे ती रडतखडत आली.

"दोन पन्नास," दुर्गेश म्हणाला. "मागच्या हप्त्यातही एवढेच. पहिली फेरी बहात्तर सेकंदात, मंग बैलगाडी."

"तू गप राय," वर्षाली धापा टाकत म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ताई, माहे फेफडेच कमजोर हायेत. सर असते तर म्हनले असते, दम नाई तुह्यात."

तिची परीक्षा बारा दिवसांवर होती. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती. पूर्ण गुणांसाठी दोन चाळीसच्या आत यायला हवं होतं.

बाबांच्या आजारपणातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर माझ्या पर्समध्ये अजून होतं. मी ते तिच्या बोटाला लावलं. आकडा थोडा हलला आणि सत्त्याण्णववर थांबला. नाडी एकशे अठ्ठ्याऐंशी.

"हा वरचा आकडा बघ. रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे. फुप्फुसं आपलं काम करताहेत."

"मंग एवढी धाप काऊन लागून राह्यली?"

मी वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हे उत्तर दरवर्षी फळ्यावर लिहिते. मैदानावर पहिल्यांदाच देत होते.

"पाय हलायला लागले की मेंदू छातीलाही लगेच कामाला लावतो. मग स्नायू जेवढं जास्त काम करतात, तेवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि रक्ताची आम्लता वाढते. मेंदूला ते कळतं. तो श्वास खोल करतो, भरभर करतो, म्हणजे तो वायू बाहेर जातो. तुझी धाप म्हणजे शरीर आपलं काम नीट करतंय. तू तोंड बंद करून त्याचीच वाट अडवतेस."

"मंग पाय काऊन दगड होतात?"

"हृदय मिनिटाला किती रक्त पायांकडे ढकलू शकतं, आणि त्यातला किती ऑक्सिजन स्नायू वापरू शकतात, याला मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडेही थोडा वेळ पळता येतं, पण स्नायूंत आम्ल साचतं. तू सगळं पहिल्याच फेरीत साचवतेस."

दुर्गेशनं मान हलवली. "पन ताई, सरांनी वीस वर्षं पानी धरवलं. त्यायची पोरं लागली नं पोलिसात."

"लागली. रोज पहाटे सहाला पळाली म्हणून. त्यानं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला लागतं. पाण्याचा त्यात हात नव्हता."

माझ्या वडिलांबद्दल असं बोलायला त्या मैदानावर फक्त मलाच हक्क होता आणि तरी मी दुर्गेशकडे न बघताच ते बोलले होते. शेवटच्या महिन्यात पायरी चढताना त्यांना धाप लागायची, तेव्हा ते म्हणत, "मी दम ठेवला नाही." डॉक्टर सांगत होते, दोष हृदयाचा आहे. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण स्वतःला माफ केलं नाही.

"बारा दिवसांत हृदय बदलणार नाही," मी वर्षालीला म्हणाले. "वेग बदलता येईल. पहिली फेरी एकोणऐंशी, दुसरी एकोणऐंशी. तोंड उघडं."

"बहात्तरची सवय हाय मले. एकोणऐंशीत तर समद्या पोरी पुढं जातीन."

"जाऊ दे."

तिला मागं राहणं जमेना. चौथ्या दिवसापर्यंत ती पहिली फेरी चौऱ्याहत्तरलाच संपवायची. मग दुर्गेश तिच्या पुढे पळू लागला आणि ओलांडायला आली की म्हणायचा, "मॅडम, रांगेत या." नवव्या दिवशी दोन एकेचाळीस.

परीक्षेच्या दिवशी मी आणि दुर्गेश वर्ध्याला भरतीच्या मैदानाच्या गेटबाहेर उभे होतो. आत सोडत नव्हते. अकराच्या सुमारास ती बाहेर आली, गुडघ्यांवर लाल माती, केस विस्कटलेले.

"पडली का?" दुर्गेशनं विचारलं.

"संपल्यावर बसली व्हती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "पहिल्या फेरीत सहा जनी पुढं व्हत्या, ताई. मले लय वाईट वाटलं. दुसऱ्या फेरीच्या वळनावर त्यायचे पाय दगड झाले. माहेही झाले, पन उशिरानं. धाप तं अशी व्हती का कडेचे शिपाई पाहून राह्यले व्हते. म्या म्हनलं, पाहा."

"वेळ?"

"दोन अडतीस."

दुर्गेश तिथंच फुटपाथवर बसला आणि हसायला लागला. मी तिच्या गुडघ्यांवरची माती झाडली. मग आम्ही सेलूची बस धरली. सोळाशे मीटरवाल्या पोरांचं फेरीवार वेळापत्रक मला संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचं होतं.