अरबी लिहा

सौदीतल्या एका लहान शहरात घरगुती ड्रायव्हर म्हणून काम करणाऱ्या संघदीपच्या डोक्यात रक्तस्राव झाला, हे ढाणकीला, त्याच्या गावी, मंगळवारी सकाळी कळलं. त्याचा मालक अबू नासिर याने संघदीपची बायको दीपमाला हिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवल्या होत्या. अक्षरं अरबी होती. दीपमालाने त्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकल्या, तेव्हा मराठीत एवढं निघालं: संघदीप दवाखान्यात आहे, डोक्यात रक्त, डॉक्टर प्रयत्न करत आहेत, प्रार्थना करा.

अबू नासिरचं वय सत्तरीच्या पुढे. संघदीप सहा वर्षं त्याची गाडी चालवत होता. घरात तो एकटाच भारतीय नोकर होता. म्हाताऱ्याला हिंदी येत नव्हती, इंग्रजी येत नव्हती. इंग्रजी येणारा धाकटा मुलगा फहद परदेशात शिकायला गेला होता आणि त्याचा जुना नंबर लागत नव्हता.

भारतीय दूतावासाच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून झाली, नंबर मिळाला. पुढे काय, ते कोणी सांगितलं नाही. त्यामुळे दीपमालाचा फोन हाच एक धागा उरला, आणि तो सांभाळायचं काम धाकट्या दिराकडे, प्रफुल्लकडे आलं. प्रफुल्ल बस स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. गावात कोणाच्याही फोनचं काही अडलं की लोक त्याच्याकडे जातात.

प्रफुल्लने पहिलं उत्तर अ‍ॅपमधून अरबी लिपीतच तयार केलं होतं. त्यात संघदीपचा पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख घातली. पाठवण्याआधी त्याने पडद्याकडे पाहिलं आणि थांबला. ओळ उजवीकडून सुरू होत होती, नंबरातलं इंग्रजी अक्षर भलतीकडे गेलं होतं, तारखेत दिवसाच्या जागी वर्ष दिसत होतं.

"वहिनी, हे उलटंपालटं होऊन राह्यलं. असं गेलं तर दुसऱ्याच माणसाचे कागद बनतीन."

"मंग?"

अ‍ॅपमध्ये अरबी मजकुराच्या खाली आणखी एक बारीक ओळ येते. तोच मजकूर कसा उच्चारायचा, ते तिथे इंग्रजी अक्षरांत दिलेलं असतं. प्रफुल्लने ती दाखवली. "हे पाह्य. अरबीच हाय, फक्त अक्षरं आपल्याले वाचता येतेत. नंबर बी सरळ राह्यते. आपण नाही का मराठी इंग्लिशमध्ये टाइप करत? तसंच."

दीपमालालाही ते पटलं. ती स्वतः नवऱ्याशी सहा वर्षं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत बोलत आली होती. शिवाय संघदीपने एकदा फहदशी झालेल्या गप्पांचे फोटो पाठवले होते. त्यात दोघंही इंग्रजी अक्षरांत अरबी लिहीत होते, मध्ये मध्ये काही अक्षरांच्या जागी तीन आणि सात असे आकडे. बाजारात जा, आईला आण, पेट्रोल भरलं. फहद ते वाचत होता, म्हणजे त्याचा बापही वाचेल, असं दोघांनी धरलं आणि ते उत्तर तसंच पाठवलं.

शुक्रवारी अबू नासिरचा मोठा मेसेज आला. संघदीप श्वासाच्या मशीनवरून निघाला आहे. डोळे उघडतो. डॉक्टर म्हणतात, या आठवड्यात त्याला झोपवून, सोबत नर्स देऊन विमानाने नेता येईल. नंतरचं सांगता येत नाही. खर्च मी करतो. घरच्यांना हवं आहे का ते लिहा, आणि तिकडे कोणता दवाखाना त्याला घेणार तेही लिहा. तुमच्या लेखी होकाराशिवाय इथले लोक त्याला सोडणार नाहीत.

संघदीपची आई तुळसाबाई भिंतीला टेकून बसली होती. दीपमालाने मेसेज दोनदा वाचून दाखवला.

"डोये उघडते म्हंते?" तुळसाबाईने विचारलं.

"हो माय."

"तं सांग त्याले, आण म्हणा. जसा असन तसा आण. मले पाहू दे."

प्रफुल्लने दुपारपर्यंत नागपूरच्या एका दवाखान्याचं पत्र मिळवलं. मग होकार लिहिला. अ‍ॅपमधली खालची ओळ बघून, अक्षरांच्या डोक्यावरच्या आडव्या रेघा सोडून, हाताने टाइप केली. अकरा ओळी झाल्या. दोन्ही खुणा निळ्या झाल्या. म्हाताऱ्याने मेसेज उघडला होता.

वीस मिनिटांनी एक प्रश्नचिन्ह आलं, आणि त्यापाठोपाठ दोन शब्द. अ‍ॅपने सांगितलं: अरबी लिहा.

"अरबीच तं लिहून राह्यलो!" प्रफुल्ल म्हणाला. त्याने अ‍ॅप पुन्हा तपासलं. वर भाषेचं नाव अरबी असंच होतं. त्याने तोच मजकूर परत पाठवला, यावेळी थोडा सोपा करून. शनिवारी सकाळी उत्तर आलं: अरबी लिहा, मुली. देव तुझं भलं करो.

"टाळून राह्यला बुढा," प्रफुल्ल म्हणाला. "पैशाची गोष्ट आली ना. पह्यले म्हणे मी करतो, आता म्हणे अरबी लिहा. अन् आपण कोणती लिहून राह्यलो, कन्नड?"

"तो कायले टाळन, भाऊ? त्यानंच तं इचारलं."

"वहिनी, तुम्ही भोळ्या हा."

त्या संध्याकाळी अबू नासिरचा फोन आला. दीपमालाने उचलला. पलीकडचा माणूस भराभर बोलत होता. तिला एकच शब्द कळला, नवऱ्याचं नाव, तेही 'सनदीप' असं. तीही ते नाव म्हणाली. तो थांबला, पुन्हा नाव म्हणाला. दोघांनी ते पाच-सहा वेळा म्हटलं. मग फोन बंद झाला. नंतर त्याने आवाजातले दोन निरोप पाठवले. प्रफुल्लने ते दुसऱ्या फोनसमोर धरून अ‍ॅपला ऐकवले. म्हाताऱ्याच्या गावंढळ बोलीतून अ‍ॅपला 'उंट' आणि 'उद्या' असे दोन शब्द मिळाले. दोन्ही बरोबर असतील, याची खात्री कोणालाच नव्हती.

रविवार गेला. सोमवारी प्रफुल्लने आणखी लांब मेसेज पाठवला, आणि त्यात मालकाच्या जबाबदाऱ्यांबद्दलचं एक कडक वाक्य टाकलं. तो उघडला गेला. उत्तर आलं नाही.

मंगळवारी दीपमाला कोणाला न विचारता एसटीने उमरखेडला गेली. तिथले काझी सर चौदा वर्षं सौदीतल्या जेद्द्यात एका दुकानात हिशेबनीस होते, हे तिला एका ओळखीच्या बाईने सांगितलं होतं. काझी सर ओट्यावर तूर निवडत होते. त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि अबू नासिरचे मेसेज एका दमात मोठ्याने वाचले. मग खालच्या, दीपमालाच्या फोनवरून गेलेल्या मेसेजवर आले आणि अडखळले. ओठ हलत राहिले, आवाज बाहेर येईना.

"ये क्या है बेटा?"

"अरबी, सर. इंग्लिश अक्षरात."

"किसने लिखी?"

"माह्या दिरानं. अ‍ॅपमधून."

काझी सरांनी फोन मांडीवर ठेवला. "माझा भाचा मला उर्दू अशी लिहून पाठवतो. दोन ओळीत माझं डोकं दुखते, मी फोन करतो त्याला, बोल काय ते. मला तरी इंग्रजी अक्षरं येतात. हा बुढा माणूस आहे. त्याने आयुष्यभर उजवीकडून वाचलं. त्याच्यासाठी हे नुसते किडे आहेत."

"पण फहद तं असंच लिहायचा."

"पोरं पोरं लिहितात. आकडे घालून, आपसात, गमतीत. त्यांची एक रीत असते. तुमचं ते बी नाही. आकडे नाहीत, शब्द कुठं तुटला ते कळत नाही. पोराला पण जोर लावून अर्धंच समजेल. आणि पोरं बी कामाची गोष्ट, दवाखान्याची गोष्ट, आपल्या लिपीतच पाहतात." त्यांनी फोन पुन्हा उचलला. "तो तुला सांगून राहिला ना, अरबी लिहा? किती वेळा सांगितलं त्याने?"

"दोनदा."

काझी सरांनी आवाजातला पहिला निरोप ऐकवला आणि खाली पाहत अर्थ सांगितला: मुली, मला तुझी अक्षरं वाचता येत नाहीत, आमच्या अक्षरांत लिही. "हे तिसरं."

दुसरा निरोप काझी सरांनी ऐकला, पण त्याचा अर्थ लगेच सांगितला नाही. म्हणाले, आधी उत्तर पाठवू. अ‍ॅपने अरबी लिपीत दिलेला मजकूर त्यांनी तपासला, दोन शब्द बदलले. वाक्यं छोटी ठेवली. नंबर उलटे दिसायची भीती तिने सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "दिसतात तसे, बिघडत नाहीत. पण नंबर वेगळ्या मेसेजमध्ये टाक, एकटा. म्हणजे तुलाही घोर नाही, त्यालाही नाही." त्यांनी नागपूरच्या दवाखान्याचं नाव अरबीत लिहिलं, मग पत्राचा फोटो जोडला.

दीपमालाने पाठवलं. त्यातलं एक अक्षरही तिला वाचता येत नव्हतं.

दोन मिनिटांत उत्तर यायला लागलं. एकामागून एक सहा मेसेज आले. काझी सर वाचत गेले.

"म्हणतो, अल्लाचे आभार, तू लिहिलंस. मी रोज वाट पाहिली. तुझे मेसेज दवाखान्यातल्या कारकुनाला दाखवले. तो म्हणाला, ही इंग्रजी नाही. मग त्याने मोठ्याने वाचून पाहिलं. 'आई' आणि 'विमान' एवढे दोन शब्द सापडले. दोन शब्दांवर दवाखाना आजारी माणूस विमानात चढवत नाही. रविवारची जागा मी धरली होती. नर्स ठरली होती. ती सोडावी लागली." काझी सरांनी चष्मा काढला. "दुसऱ्या निरोपात तेच होतं बेटा. उद्या शेवटचा दिवस आहे, हो की नाही ते सांग."

शेवटचा मेसेज त्यांनी तिच्याकडे न पाहता वाचला. काल रात्रीपासून ताप आहे, छातीत संसर्ग आहे, पुन्हा मशीनवर घेतलं आहे. आता डॉक्टर हलवू देत नाहीत.

संघदीप गुरुवारी पहाटे गेला. अबू नासिरने अरबीत कळवलं, आणि मृतदेहाबद्दल काय करायचं तेही विचारलं. दीपमालाने उत्तर अरबी लिपीत दिलं, चार ओळींत: आम्ही बौद्ध आहोत, त्याला घरी पाठवा. पाठवण्याआधी फोनवरूनच काझी सरांना दाखवलं. एका मिनिटात अबू नासिरचा होकार आला.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. तुळसाबाई आल्या-गेल्याला एकच सांगत होती. "बुढ्यानं जबाबच नाही देल्ला. सहा वर्स गाडी चालवली त्याची माह्या लेकानं. डोये उघडून पडला होता, अन् त्यानं धाडला नाही."

बायका हो हो म्हणत होत्या. कोणीतरी अबू नासिरला एक शिवी घातली.

प्रफुल्ल स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. दीपमाला पाणी घ्यायला आत आली तेव्हा तो हळूच म्हणाला, "वहिनी, राहू द्या. मायले काय समजते त्या लिपीतलं? बुढा तिकडं हाय, त्याले काय फरक पडते? मले इथंच राहाचं हाय."

"त्यानं तीनदा सांगतलं भाऊ."

"मले मालूम हाय त्यानं तीनदा सांगतलं." त्याचा आवाज फाटला. "मले मालूम हाय ना."

तिने तांब्या भरला. बाहेर आली, सासूसमोर बसली, तिला दोन घोट पाजले. तुळसाबाई पुन्हा सुरू झाली, बुढ्यानं जबाबच नाही देल्ला.

"माय, त्यानं देल्ला जबाब," दीपमाला म्हणाली. "रविवारची जागा धरली होती त्यानं. आपण त्याले जे लिहिलं ते त्याले वाचता आलं नाही. तो सांगत होता, आमच्या अक्षरात लिहा. आपण आपल्याले वाचता येईन अशा अक्षरात लिहिलं."

तुळसाबाईने सुनेकडे पाहिलं, मग दाराकडे.

"कोणं लिहिलं?" तिने विचारलं.

दारात प्रफुल्ल उभा होता. दीपमाला म्हणाली, "फोन माहा होता, माय. आम्ही दोघांनी लिहिलं."