रविवारपर्यंत बावीस इंच

घेर

"हात वर कर."

"वर जात न्हाय."

"मंग माप कसा घेऊ?"

"गावातल्या सगल्या बायांचा घेता, तसाच घ्या. डोले मिटून."

चांगदेव टेलरने डोळे मिटले नाहीत. थळच्या रस्त्याला लागून त्याचं शिलाईचं दुकान, म्हणजे घराचीच पुढची खोली. तिचं दार आज लोटून घेतलं होतं, कारण मापाला उभी होती त्याची बायको जनी, आणि मोजायची होती ती जनी नव्हे. तिच्या अंगावरची नागीण.

चार-पाच दिवस जनीच्या डाव्या बरगड्यांत आग होत होती. गॅस असेल म्हणून सोडा पिऊन झाला. लचक असेल म्हणून बाम चोळून झाला. आज, गुरुवारी सकाळी, पाठीला साबण लावायला आलेली सून हेमाली किंचाळली. पाठीच्या कण्यापासून डावीकडे निघालेला लाल पट्टा बगलेखालून वळून छातीखाली आला होता, आणि त्यावर पाण्याच्या बारीक फोडांचे घोसच्या घोस.

नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस संपला, हे जनीला माहेरी असल्यापासून ठाऊक. म्हणून टेप.

"घेर चव्वेचालीस," चांगदेव म्हणाला. "त्यातले बावीस नागिनीचे. म्हंजे अजून बावीस इंच बाकी हायत."

"चव्वेचालीस? माझा बेचालीस हाय."

"गनपतीच्या आदी व्हता. मंग मोदक झाले."

"मोदक तुमी बी खाल्ले."

"मी पुरुष हाय. मना कोन मोजतं?" त्याने टेप गळ्यात अडकवला. "तू घाबरू नको. एवढा वलसा घालायचा तर नागिनीला मधी मुक्काम करावा लागंल."

जनी हसली आणि हसता हसता बरगडी धरून खाली बसली. बरगडी धरली म्हणून आणखी कळवळली. हात लावायची सोय नव्हती.

हेमाली दारातूनच म्हणाली, "आई, अलिबागला डॉक्टरना दाखवू या. आजच."

"डॉक्टरला नागिनीतला काय कललं? सुई टोचली की ती आजून चवतालते."

नागिणीतलं कळायचं ते भागोजीला. त्याची काव पंचक्रोशीत चालायची. लाल काव, म्हणजे गेरू, पाण्यात उगाळून तो आधी तोंडाला, मग शेपटीला फासायचा, ओठांत काही पुटपुटायचा, पैसे घ्यायचा नाही. पण द्यायचा रविवारीच. चांगदेवने फोन लावला तर भागोजीच्या बायकोने ऐकून घ्यायच्या आधीच "रविवारी या" म्हणून ठेवून दिला.

गुरुवार ते रविवार. बावीस इंच. चांगदेवला हिशेब सोपा वाटला.

पाठ

शुक्रवारी सकाळी परत टेप.

घेर चव्वेचाळीस. नागीण बावीस.

फोड वाढले होते, पण त्याच पट्ट्यात, जणू कुणी खडूने रेघ मारून दिली होती. इकडे कण्यापाशी थांबलेली, तिकडे छातीच्या मध्यावर थांबलेली.

"बघ, हालली न्हाय! तुझ्यासारखीच आलशी हाय."

जनीने उत्तर दिलं नाही, तेव्हा चांगदेवला पहिल्यांदा भीती वाटली. जनी आणि उत्तर नाही! चाळीस वर्षांच्या संसारात हे दोनदा झालं असेल.

रात्रभर ती बसून होती. पंख्याचा वारा लागला तरी सुया टोचत होत्या, पंखा बंद केला तर उकाडा. पदर डाव्या अंगाला शिवला की श्वास अडकायचा.

"नागीण वाढली नाही म्हणजे तुम्ही बऱ्या झालात का आई?" हेमालीने विचारलं.

"मेले न्हाय म्हंजे बरी," जनी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, अगदी हळू, "अवो, रविवारपातूर मना न्हाय काढवनार."

चांगदेव उठला. भागोजीच्या पाया पडायचं, पण काव आजच आणायची. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून त्याने खुंटीवरचा एक पांढरा शर्ट काढून पिशवीत टाकला.

बाही

त्या शर्टाची वेगळी कथा आहे. ती चांगदेव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

भागोजीने तो पुतण्याच्या लग्नासाठी शिवायला टाकला होता आणि तीनदा परत केला. पहिल्यांदा म्हणाला, शिवण टोचते. चांगदेवने आतून पट्टी लावून दिली. मग म्हणाला, कापडच टोचतं. चांगदेवने मऊ मलमल आणून नवा शिवला. तोही परत. लग्नात भागोजी उघडाच, खांद्यावर टॉवेल टाकून वावरला, आणि लोकांनी शिंप्याकडे बघितलं. तेव्हापासून चांगदेव त्याला 'महाराज' म्हणायचा, कारण असं नाजूक अंग राजालाच असतं.

आजही महाराज अंगणात उघडेच बसले होते. टॉवेल उजव्या खांद्यावर.

"रविवारी ये," भागोजी म्हणाला.

"जनीला झाली हाय, दादा. तिला दम न्हाय. आन हा शर्ट. आता टोचला तर मी मशीन खाडीत टाकीन."

"ठेव तितं."

"ठेव कसा? घालूनच बघ. मशीन माझी हाय, अब्रू बी माझी हाय."

भागोजी नको म्हणेपर्यंत उजवी बाही चढलीसुद्धा. चांगदेवने पाठीमागून शर्ट डावीकडे ओढला. मलमल डाव्या बरगडीला नुसती टेकली.

भागोजीने दात आवळून श्वास आत ओढला आणि तापलेली पातेली धरावी तसं दोन बोटांनी कापड अंगापासून लांब धरलं.

चांगदेवचा हात तिथेच थांबला. मापं घेताना त्याच्या हातून आजवर किती तरी लोकांना टाचण्या लागल्या होत्या. टाचणी लागलेलं तोंड तो ओळखायचा. हे तसं नव्हतं. अगदी असंच तोंड तो काल सकाळपासून घरी बघत होता.

त्याने शर्ट उचलून आत पाहिलं. कण्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत फिकट डागांचा पट्टा. फक्त डावीकडे.

"भागोजी, ह्यो काय हाय?"

"जुनी खरूज."

"खरूज अशी पट्टी मारून येते? अर्ध्या अंगालाच?"

भागोजीने घराच्या दाराकडे बघितलं. बायको आत होती. "हलू बोल ना मेल्या!"

"कवा झाली?"

"गेल्या दिवालीला."

"आन तुझी काव?"

"लावली ना. मीच मना लावली. आरशात बघून." भागोजी शर्ट सोडवून घेत म्हणाला. "फोड सुकले. ते सुकतातच. काव लावल्याचे सुकतात, न लावल्याचे बी सुकतात. हा तू कोनाला बोलू नको."

"मंग दुखना?"

"तो न्हाय सुकला. आजून कापड लागला की आग. पंखा लागला की आग. तुझा शर्ट चांगला हाय रे, शिवन बी चांगली हाय. माझा अंग बिघडला हाय."

सहा महिन्यांनी मिळालेली ही कबुली चांगदेवला गोड लागायला हवी होती. लागली नाही. घरच्या खुंटीवर, त्या शर्टाच्या जागी, त्याला जनीची सगळी पोलकी न घालता टांगून ठेवलेली दिसली.

"मंग तू डॉक्टरकडं...?"

"गेलो ना, पन कवा? महिन्यानं. ती बाय बोलली, बाबा, फोड आल्यावर तीन दिवसांत गोल्या सुरू व्हायला पायजे व्हत्या. मी बुधवारी उठलेली नागीन घेऊन बसलो वाट बघत. कशाची? रविवारची! माझ्याच रविवारची!" भागोजीला स्वतःचंच हसू आलं आणि ते त्याने बरगडी सांभाळत हसून घेतलं. मग एकदम थांबून विचारलं, "जनीला फोड कवा आले?"

"काल सकाली दिसले."

"आन तू हितं मना शर्ट घालतोस? जा ना मेल्या!"

"पन आजून बावीस इंच..."

"ते इंच घाल चुलीत!"

मध्यशिवण

अलिबागच्या दवाखान्यात डॉक्टर तेजस्वी होत्या. बाई डॉक्टर बघून जनीने पदर सोडला आणि नवऱ्याला दाराकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं.

"मीच मापला ना सगला..."

"तरी पन."

डॉक्टरांनी पट्टा नीट पाहिला. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? आल्या होत्या. साखर, मूत्रपिंडाचा त्रास? नाही. पहिला फोड कधी दिसला? गुरुवारी सकाळी, सोबत आलेल्या हेमालीने सांगितलं.

"छान. वेळेत आलात."

"वेलेतच," चांगदेव दाराशी बोलला. "बावीस इंच बाकी हायत. रोज मोजतो."

"आणि पूर्ण घेर?"

"चव्वेचालीस."

"बेचालीस," जनी म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "म्हणजे निम्मं. काका, तुम्ही महिनाभर मोजलं असतं तरी निम्म्याच्या पुढे गेलं नसतं. कांजिण्यांचा विषाणू बरा झाल्यावर जात नाही, कण्याशेजारी नसांच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, ताकद कमी पडली की एखाद्या नसेत उठतो आणि त्या नसेवरूनच बाहेर येतो. डावीकडची नस डावीकडेच संपते."

चांगदेव दाराकडे तोंड करूनच विचार करत होता. "म्हंजे कापड मधोमध जोडलेला हाय. डावा पाका, म्हंजे डावी बाजू, येगला, उजवा येगला. डाग डाव्या पाक्याला."

"अगदी तसंच. दोन्हीकडे निघणं फार क्वचित, तेही अंगातली ताकद फारच खालावलेल्या माणसाला. तोंड-शेपूट भिडायची वाट बघणारे बघतच बसतात. आणि तोवर नस आतून होरपळते."

गोळ्या दिवसातून पाच वेळा, सात दिवस. पाणी भरपूर. नसेच्या दुखण्याची वेगळी गोळी झोपताना. काव नाही, बाम नाही. फोड धुऊन कोरडे ठेवायचे, खपल्या धरेपर्यंत झाकून ठेवायचे, आणि तोवर गरोदर बाई, तान्हं मूल यांच्यापासून लांब राहायचं.

"गोल्यांनी दुखायचा थांबंल ना?" जनीने विचारलं. "खरा सांगा."

"फोड लवकर सुकतील, दुखणंही लवकर उतरेल. मागे मुळीच रेंगाळणार नाही अशी हमी मी देत नाही. पण उशीर करून काहीच मिळालं नसतं."

निघताना चांगदेव परत आत शिरला. "डॉक्टर, माझा एक गिऱ्हाईक हाय. त्याला कापड टोचतं. सहा महिने झाले."

"त्यावरही औषध आहे. एकदा येऊन महिन्याची गोळी घेऊन गेले, मग फिरकले नाहीत, असे ते नव्हेत ना?"

"मी नाव न्हाय सांगितला हां," चांगदेव घाईने म्हणाला.

पाच वेळा

सकाळी गोळी. "चा पिऊ द्याल का न्हाय?"

दहा वाजता गोळी. "आता घेतली ना!"

दुपारी गोळी. चांगदेव तांब्या घेऊन उभा. "तुमी माझ्यामागं असे लग्नाआदी फिरायला पायजे व्हते."

चौथी आणि पाचवी हेमालीच्या मोबाईलच्या घंटेवर.

रविवार आला. जनीचं दुखणं होतंच, पण आता ती त्याच्यावर खेकसत होती, म्हणजे बरं होतं. भागोजीच्या अंगणातून आलेल्या शेजारच्या केसरने बातमी आणली की भागोजीबाबा काव लावतात, पण त्याआधी "फोड कवा आले?" विचारतात, आणि कालपरवाचे असतील तर आधी अलिबागच्या रिक्षात बसवतात. "काव काय पलून जात न्हाय," म्हणतात.

खपल्या धरल्या, पडल्या. आग आधी दुपारची गेली, मग संध्याकाळची. रात्री अजून कधीमधी एखादी कळ यायची. ती आली की जनी नवऱ्याला उठवायची, एकटीने का जागायचं म्हणून.

एका दुपारी जेवण झाल्यावर चांगदेव मशीनवर बसला तर आतून घोरणं ऐकू आलं. तो पाय न वाजवता दाराशी गेला. जनी चटईवर झोपली होती. डाव्या कुशीवर, चव्वेचाळीस इंचांचा सगळा भार त्या बरगडीवर टाकून.

"अवो टेलर, माझा पोलका झाला का?" बाहेरून केसरचा आवाज आला.

चांगदेवने ओठांवर बोट ठेवलं. मशीनकडे बघितलं आणि मान हलवली.

"उद्या," तो कुजबुजला. "आज दुकान बंद."