तोडलेली पिन

हिंदुरावनं कॉम्प्युटरचं कॅबिनेट काउंटरवर आपटलं आणि त्याच हातानं धर्मपालची गचांडी धरली.

"आज माझ्या गेम पार्लरचं उद्घाटन. नारळ फोडला, बटण दाबलं, पांढरा लाईट लागला अन् ह्यानं सकाळी येऊन लावलेल्या लाईटच्या पट्टीतनं धूर. पावण्यांपुढं नाक कापलं की माझं." एवढं बोलून त्यानं धर्मपालचं डोकं भिंतीवर हाणलं. मग परत हाणलं.

सात रस्त्याजवळचं हे कॉम्प्युटरचं दुकान प्रतिक्षाचं. धर्मपाल तिचा पाठचा भाऊ. आई गेल्यापासून तिला ह्याच्याशिवाय कोण होतं? भाऊ आळशी असेल, पण खोटं बोलणार नाही, ह्या एका भरवशावर ती जगाशी भांडत आलेली.

"धर्मा, पट्टी कुटं जोडलीस?"

"पाच व्होल्टला, तीन पिनांवर. आईची शप्पथ, ताई."

झालं. आईचं नाव निघाल्यावर प्रतिक्षा मागचंपुढचं बघते होय? तिनं जुना कीबोर्ड उचलला आणि दातओठ खात हिंदुरावच्या कानशिलावर हाणला. बटणं फरशीभर उडाली. त्याचा कान फाटला, रक्त शर्टावर उतरलं. तरी तिचा हात थांबेना.

"माझ्या भावाला मारतोस व्हय? तूच कायतरी उचापत केली असशील."

हिंदुराव कान दाबून मागं सरला. "उघड की मग. तुझ्याच हातानं उघड."

तिनं कॅबिनेटची काच काढली. जळक्या प्लास्टिकचा वास नाकात गेला. बोर्डावर तीन पिनांची जागा एकच होती, आणि तिथं पंख्यांची वायर. पट्टीसाठी एका जागेवर दोन वायरी बसवणारा फाटा लावायला हवा होता, तो तिनं काल स्वतः काढून ठेवला होता. फाटा दुकानातल्या टेबलावर तसाच पडलेला. पट्टीचा प्लग बारा व्होल्टच्या चार पिनांवर बसवलेला. बसणार कसा? प्लगचं तिसरं भोक बंद असतं, ते ही चूक होऊ नये म्हणूनच. तिनं प्लग उपसला. बोर्डावरची तिसरी पिन पकडीनं बुडातनं तोडलेली होती. पाच व्होल्टच्या पट्टीला बारा व्होल्ट पाजले होते ह्यानं.

प्रतिक्षानं भावाकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"फाटा न्यायचा ऱ्हायला, ताई. परत कोण येणार म्हणून..."

"पिन तोडलीस ते तोडलीस. आईची शप्पथ कशी निघाली रं तोंडातनं?"

तिनं झडप घातली. केस धरून त्याला खाली पाडलं, छातीवर बसली आणि दोन्ही हातांनी गळा आवळला. धर्मपाल टाचा घासायला लागला. डोळे पांढरे व्हायला लागले. तिला ते दिसत होतं आणि तिला सोडवत नव्हतं.

तेव्हा रक्तानं माखलेल्या हातांनी हिंदुरावनंच तिची बोटं एकेक करून उचकटली.

"सोडा, ताई. मरंल ते."