दोन थापा, मग एक

लसीकरण मोहिमेच्या बैठकीत साहेब म्हणाले, "पोस्टरवर एक हसरं बाळ टाका, झालं." मी भडकले. "आणि रेडिओवर ते बाळ दिसणार कसं? खूण अशी हवी, की पाहिली काय नि ऐकली काय, एकच वाटली पाहिजे."

मग टेबलावर वाजवूनच दाखवलं: दोन थापा पटपट, जरा थांबून एक. म्हणजे दार उघडा, लस आली. पोस्टरवर पिवळं दार आणि तीन ठिपके, दोन जवळ, एक लांब. रेडिओवर त्याच थापा. वस्तीतल्या सभेत नर्सबाईंनी बोलण्याआधी टेबल तसंच वाजवायचं.

"सुचलं कुठून?" साहेबांनी विचारलं.

"असंच," म्हटलं. आमचे हे रोज संध्याकाळी दार तसंच वाजवायचे, हे काय बैठकीत सांगायचं? त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

खूण चालली. अक्षरं झाकून पोस्टर दाखवलं, तरी बायका म्हणायच्या, "हे लसीचं!"

काल संध्याकाळी भाजी निवडत होते, तेवढ्यात दार वाजलं. दोन पटपट, जरा थांबून एक. मांडीवरची परात पडली. मी धावत जाऊन कडी काढली.

दारात नर्सबाई. "घरात लहान मूल आहे?"

"नाही."

"आणखी कोण असतं?"

"कोणी नाही."

तिने वहीत लिहिलं, खडूने दारावर तीन ठिपके काढले आणि हसली.

"मावशी, तुमच्यासारखं धावत येऊन कुणीच दार उघडत नाही हो."