टोमणा न मारलेला फोन

सदाशिव पेठेत इंटरनेटची केबल टाकणाऱ्यांनी विजेची केबल तोडली, आणि द्वारकामावशीच्या दातांच्या दवाखान्यातली खुर्ची अर्ध्यावरच अडकली. ड्रिल बंद. एक्स-रे बंद. इन्व्हर्टरवर फक्त एक पंखा आणि एक ट्यूब. वीज संध्याकाळनंतर येईल म्हणे.

नववीची सुट्टी असल्यामुळे अपॉइंटमेंटच्या वहीची मालकीण मी होते. मावशी हात पुसत म्हणाली, "प्रियदर्शनी, सगळ्यांना फोन लाव. सफाई आणि नेहमीची तपासणी पुढच्या आठवड्यात. ड्रिल लागणारं पण थांबण्यासारखं नसेल, ते बुधवार पेठेत डॉक्टर श्यामकडे, त्यांच्याकडे वीज आहे. ज्याला दुखतंय, त्याला आज इथे बोलाव. आणि ज्यांना दात नुसते पांढरे करून हवेत, त्यांना सांग, वीज आली की तुम्हीच फोन करा."

वा! मला तर परीक्षेत सोपा पेपर आल्यासारखं वाटलं. मी धडाधड फोन लावत सुटले. दातांवरची तार घट्ट करायला येणारी नम्रता पुढच्या आठवड्यात. रूट कॅनाल अर्धवट राहिलेला इमाद श्यामकाकांकडे. "पांढरे दात" रद्द. संतोषदादाला मात्र आजच यायला सांगितलं. तो कॉम्प्युटर कंपनीतला, रात्रीच्या विमानाने अमेरिकेला निघालेला, आणि त्याची दाढेवरची कॅप निघून हातात आली होती. ती हाताने कालवलेल्या सिमेंटने खिडकीच्या उजेडातही बसते.

मग हिंदुराव आजोबांना फोन लावला. निवृत्त हेडमास्तर, दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहतात. कालपासून दाढ ठणकत होती म्हणून आजची वेळ घेतली होती.

"आजोबा, अजून दुखतंय का?"

"नाही. थांबलं," ते म्हणाले. आवाज तोंडात पान असल्यासारखा. "द्या पुढची तारीख."

"गुरुवार चालेल?"

"चालेल."

फोन बंद. मी वहीत गुरुवार लिहिला आणि पेन तसंच धरून बसले.

"काय झालं गं?" रुकसानाताईंनी विचारलं. मावशीच्या हाताखाली त्या कितीतरी वर्षं आहेत.

"आजोबांनी मला टोमणा नाही मारला."

"मग? देवाचे आभार मान."

"अहो, ताई, ते कध्धीच तसाच फोन ठेवत नाहीत! मागच्या वेळी पाच मिनिटं उशीर झाला, तर म्हणाले, 'दात नवीन येईपर्यंत थांबू का?' आज मी सरळ गुरुवारवर ढकललं आणि ते नुसतं 'चालेल' म्हणाले. शिवाय पान तर ते खातच नाहीत."

मावशी तोवर येऊन बसलेल्या संतोषदादाची कॅप पुसत होती. तिचा हात थांबला. "दुखायचं थांबलं म्हणाले? एकदम?"

"हो."

"सूज विचारलीस?"

"तू दुखणंच विचारायला सांगितलं होतंस."

"चुकलं माझं. कधी कधी दाढेची नस मरते, मग ठणका थांबतो आणि पू आत पसरतो. लाव फोन."

मी लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. कोणी उचलेना. मी चपलाही न घालता सुटले.

दार उघडंच होतं. आजोबा खुर्चीत पुढे वाकून बसले होते, तोंडाशी रुमाल. लाळ गिळता येत नव्हती म्हणून गळत होती. हनुवटीच्या खाली गळा फुगून घट्ट झाला होता. "मावशीऽऽ" करत मी उलटी धावले, तर ती आणि रुकसानाताई वाटेतच भेटल्या.

मावशीने टॉर्च मारली. आजोबांचं तोंड दोन बोटंही उघडेना. जीभ वर ढकलली गेली होती.

"इथे काही करायचं नाही," ती म्हणाली. "सरळ हॉस्पिटल. सूज श्वासाच्या वाटेवर आली तर वेळ मिळायचा नाही. आडवं झोपवू नका, बसूनच न्यायचं."

खणलेल्या रस्त्यामुळे रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच अडत होती. आमच्या मागून संतोषदादाही कॅप मुठीत धरून आला होता. मी ओरडले, "दादा, तुमचं काम श्यामकाकांकडे! मावशी आता नाही येणार!"

"अगं, माझं विमान..." तो म्हणाला, आणि त्याने आजोबांकडे पाहिलं. "माझी कॅब पलीकडच्या रस्त्यावर उभी आहे. ती घ्या. मी रिक्षाने जातो बुधवार पेठेत."

त्याने आणि रुकसानाताईंनी आजोबांना धरून कॅबपर्यंत नेलं, मावशी त्यांच्याबरोबर गेली. मी दवाखान्यात परतले आणि ज्यांना ज्यांना पुढची तारीख दिली होती, त्या सगळ्यांना पुन्हा फोन लावले. "दुखतंय का सोडा, सूज आहे का? ताप? तोंड पूर्ण उघडतं का?" नम्रता म्हणाली, "तू वेडी आहेस का?" असू दे.

अंधार पडता पडता मावशीचा फोन आला. आवाज थकलेला. "पू काढलाय. श्वास मोकळा आहे. थोडा उशीर झाला असता ना..." मी वहीतला गुरुवार खोडला.

त्या गुरुवारी आम्ही भेटायला गेलो. आजोबांना अजून बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी कागद मागितला, नीट हेडमास्तरी अक्षरात लिहिलं आणि माझ्याकडे सरकवला.

'सेक्रेटरीबाई, वेळ आजची होती. मी हजर आहे. आपला दवाखाना कुठे आहे?'

मी मोठ्याने वाचलं आणि इतकी हसले की नर्स रागवायला आली.